रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल? : एका स्किट मालिकेतल्या काकांची घडण

हे प्रकरण नाशिकच्या सिडको भागातल्या चार जणांच्या गटाचं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, काही तपशील बदलले आहेत. मी एकांकिका बसवतो आणि लिहितो. ओळखीतून या गटाची स्क्रिप्ट बघायला गेलो आणि पुढचे सात-आठ महिने तिथेच अडकलो.

पार्श्वभूमी

गटात एक लिहिणारी, एक नट, काकूचं काम करणारी एक मैत्रीण आणि कॅमेरा-एडिटिंग सांभाळणारा एक जण. चौघांचेही पोटापाण्याचे उद्योग वेगळे, त्यामुळे शूटिंग फक्त रविवारी, लिहिणारीच्या फ्लॅटमध्ये आणि जिन्यात. दर गुरुवारी एक स्किट, साठ ते नव्वद सेकंदांचं.

मी गेलो तेव्हा त्यांची अकरा स्किट्स झाली होती. त्यातलं चौथं चाललं होतं. त्यात भास्करकाका नावाचा निवृत्त माणूस शेजाऱ्याला स्क्रू-ड्रायव्हर देताना वहीत त्याची नोंद करतो, एवढंच. लोकांना काका आवडला, म्हणून पुढच्या सातही स्किट्समध्ये काका आला. नट एकोणतीस वर्षांचा, केसांना टाल्कम पावडर लावून काका व्हायचा.

अडचण

सात स्किट्स मी सलग पाहिली. एकात काका कंजूष होता, दुसऱ्यात रंगेल, तिसऱ्यात मोबाइल न कळणारा म्हातारा, चौथ्यात पार्किंगवरून भांडणारा. चष्मा कधी होता, कधी नव्हता. नट मूळचा खानदेशचा, त्यामुळे राग आला की बोली खानदेशी व्हायची आणि टोमणा मारायचा असला की अचानक सदाशिव पेठेत जायची. एका प्रेक्षकाने खाली विचारलंच होतं, "हे तेच काका आहेत का त्यांचे भाऊ?"

शिवाय प्रत्येक स्किटच्या शेवटी काका कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचा, "नाशिक आहे बाबा हे!" हा त्यांचा तकियाकलाम. त्यांना वाटत होतं की लोकांनी तो उचलला नाही, कारण तो अजून पुरेसा वेळा आलेला नाही.

मी दोन गोष्टी करून बघायला सांगितल्या. पहिली, काकाच्या जागी कुठलाही दुसरा काका कल्पून स्क्रिप्ट वाचायची. सातपैकी सहा स्किट्स जशीच्या तशी चालली, म्हणजे तिथे काका नव्हताच, फक्त एक वयस्कर माणूस होता. दुसरी गोष्ट एडिटिंगवाल्याने केली. त्याने तीन स्किट्समधून शेवटचं वाक्य कापलं. तिन्ही स्किट्स सुधारली. जे वाक्य काढल्यावर प्रसंगाचं काहीच बिघडत नाही, ते पात्राचं वाक्य नसतं, तो नुसता शिक्का असतो. नटाला हे आतून माहीत होतं. प्रत्येक वेळी ते वाक्य म्हणण्याआधी तो अर्धा सेकंद थांबून श्वास घ्यायचा. ओढूनताणून म्हणायचं वाक्य असलं की शरीर असं चुगली करतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काका सोडून देण्याचा. दर आठवड्याला नवी पात्रं, त्या आठवड्यात जो विषय चर्चेत असेल तो. एडिटिंगवाला याच्या बाजूने होता. यात सातत्याची कटकट नाही हे खरं, पण नव्वद सेकंदांतले पहिले वीस सेकंद "हा माणूस कोण" हे सांगण्यात जातात. तमाशातल्या गवळणीत मावशी येते तेव्हा ती कोण हे कुणाला सांगावं लागत नाही. तिच्या नुसत्या येण्यानेच हशा सुरू होतो, कारण ती आता काय करणार याचा प्रेक्षकाला अंदाज असतो आणि तो अंदाज कसा चुकतो हे बघायचं असतं. पेंद्याचंही तेच. ही सोय हातची का सोडायची?

दुसरा पर्याय बाहेरून ठसा उमटवण्याचा: विग, पुढे आलेले दात, तोतरेपणा. नट तोतरेपणाला तयार होता. मी विरोध केला. एक तर ती कुणाच्या तरी खऱ्या अडचणीची टिंगल होते. आणि कामाच्या दृष्टीने बघितलं तरी तोतरेपणातून गोष्ट निघत नाही. तो प्रत्येक प्रसंगात तसाच असतो, त्यामुळे तिसऱ्या स्किटला संपतो.

तिसरा पर्याय म्हणजे काकाला आतून एकच हट्ट द्यायचा आणि सवयी, बोलणं, कपडे सगळं त्या हट्टातून काढायचं. आम्ही हा धरला. पण हट्ट कोणता यावर दोन रविवार गेले, आणि ते दोन रविवार या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचे होते.

कंजूष की नोंद ठेवणारा?

चौथं स्किट का चाललं याचं लिहिणारीचं उत्तर होतं, "काका कंजूष आहे म्हणून." ते पटण्यासारखं होतं. मग आम्ही कंजूष काकाचे पाच प्रसंग तोंडी करून बघितले. पाचही प्रसंग तिसऱ्या वाक्याला थांबले. शेजारी काहीतरी मागतो, काका नाही म्हणतो, शेजारी गयावया करतो, काका पुन्हा नाही म्हणतो. नकार मिळाला की समोरच्याला करण्यासारखं काही उरत नाही.

मग चौथं स्किट पुन्हा लावलं. काकाने स्क्रू-ड्रायव्हर नाकारला नव्हताच! लगेच दिला होता, फक्त नोंद करून. म्हणजे काका देणारा माणूस आहे. त्याला वस्तू गेल्याचं दुःख नाही, तिचा हिशेब सुटल्याचं आहे. "हो, पण" म्हणणारा माणूस प्रसंग पुढे नेतो, कारण त्या "पण"ला समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

यातून एक वाक्य कागदावर आलं: गेलेली वस्तू परत आली पाहिजे, आणि हा नियम काकालाही लागू आहे. वाक्याचा दुसरा अर्धा भाग काकूचं काम करणारीने सुचवला. तो नसता तर काका फक्त लोकांना छळणारा माणूस झाला असता.

हा हट्ट कुठून आला, तर काका एकतीस वर्षं अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. कारखान्याच्या गेटमधून वस्तू बाहेर जाताना गेटपास लागतो, आणि तो दोन प्रकारचा असतो: दुरुस्तीला वगैरे जाऊन परत येणाऱ्या मालाचा रिटर्नेबल, कायमच्या जाणाऱ्या मालाचा नॉन-रिटर्नेबल. सातपूर-अंबडच्या घराघरांत हे शब्द ठाऊक असतात. काकाचा प्रश्न तिथेच सापडला: "रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?"

यावरही मतभेद झाले. काकूचं काम करणारीचं म्हणणं, कारखान्याशी संबंध नसलेल्याला हे कळणार नाही, त्यापेक्षा सरळ "परत कधी?" बरं. मुद्दा रास्त होता. पण "परत कधी?" कुणीही म्हणू शकतो, आणि रिटर्नेबल हा शब्द फक्त काकाच्या तोंडी शोभतो. शेवटी असं ठरलं की पहिल्या तीन स्किट्समध्ये वस्तू अशा घ्यायच्या की शब्दाचा अर्थ आपोआप कळेल: शिडी, इस्त्री, कुकर.

काकाचं पान

भिंतीवर एकच पान चिकटवलं. त्यावर तीन सवयी होत्या, आणि प्रत्येकीपुढे तिचं कारण.

पहिली, काका सेफ्टी डोअर पूर्ण उघडत नाही, जाळीतूनच बोलतो आणि वस्तू फटीतून देतो. कारण एकतीस वर्षं तो स्टोअरच्या खिडकीमागे उभा होता. या एका सवयीने कॅमेऱ्याची चौकटही कायमची ठरली. स्किट सुरू होताच जाळी दिसली की प्रेक्षकाला ठिकाण सांगावं लागत नाही.

दुसरी, कार्बन घातलेलं पावतीपुस्तक. पांढरी प्रत काकाकडे, गुलाबी घेणाऱ्याला. तिसरी, परत आलेली वस्तू तो उजेडाकडे धरून फिरवून बघतो, मग ती वाटी का असेना.

चौथी सवय मी घालू दिली नाही. नटाला मिशीवरून हात फिरवायचा होता. का फिरवतो, विचारल्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

पानाच्या तळाशी काका काय करत नाही ते लिहिलं: खोटं बोलत नाही, देण्याला नाही म्हणत नाही, कॅमेऱ्याकडे बघत नाही. बोलीचाही निकाल लागला. नटाची खानदेशी लकब राहू द्यायची, पुणेरी बंद. सिडकोत खानदेशातून आलेली माणसं इतकी आहेत की ते खोटं वाटायचा प्रश्नच नव्हता. पावडर मात्र काढली आणि दोरीवाला चष्मा आणि पेनाने खिसा ओघळलेला एकच अर्ध्या बाह्यांचा शर्ट ठेवला.

तकियाकलामाचे नियम वेगळे लिहिले. तो एका स्किटमध्ये जास्तीत जास्त दोनदा यावा. तो खरा प्रश्न असावा, म्हणजे समोरच्याने उत्तर दिल्याशिवाय काका पुढे सरकणार नाही. आणि तो शेवटचं वाक्य कधीच नसावा. आधीचं "नाशिक आहे बाबा हे!" पडायचं ते याच कारणाने: ते विधान होतं, त्यापुढे कुणाला काही बोलायला जागा नव्हती.

एक स्किट उलगडून

नव्या पानावरचं चौथं स्किट विरजणाचं होतं. मुख्य भाग असा:

शेजारीण: काका, चमचाभर विरजण देता का?

काका (जाळीतून): रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?

शेजारीण: अहो, विरजण कुणी परत देतं का?

काका: उद्या दही लागलं की पहिला चमचा इकडे. गुलाबी प्रत तुमची.

काकू (आतून): आपल्याकडचं विरजण कुठनं आलंय, तेही बघा जरा वहीत.

(काका पानं उलटतो. थांबतो.)

काका: …तुमच्या सासूबाई.

शेजारीण: कधी?

काका: गेल्या दिवाळीत. (चमचा मागे घेतो, अख्खी वाटी पुढे करतो.) सही करा. परत मिळाल्याची.

इथे प्रश्न एकदाच येतो. शेजारणीचं उत्तर अगदी बरोबर आहे आणि काकाचं उत्तरही बरोबर आहे, विनोद त्या दोन बरोबरांच्या टकरीत आहे. विरजण ही एकमेव वस्तू आम्हाला सापडली जी संपते आणि तरीही परत करता येते. मग नियम काकावर उलटतो, आणि काका पळवाट शोधत नाही. लिहिणारीच्या पहिल्या मसुद्यात काका वही लपवतो असा शेवट होता. हशा कदाचित जास्त मिळाला असता, पण पानावर "खोटं बोलत नाही" असं लिहिलं होतं. पानाने पहिल्यांदा नाही म्हटलं ते इथे.

जिथे घसरलो

सातव्या-आठव्या स्किटपासून लोक स्वतःच "रिटर्नेबल का?" लिहायला लागले. आम्ही खूश झालो आणि नियम विसरलो. रंगपंचमीच्या स्किटमध्ये हे सगळ्यात वाईट झालं. नाशिकची रंगपंचमी म्हणजे पेशवेकालीन रहाडी, जमिनीखालचे ते रंगाचे हौद आणि त्यात मारायचा धप्पा. सोसायटीतली पोरं रहाडीसाठी जुने कपडे मागायला येतात, ही कल्पना चांगली होती, कारण रंगलेला शर्ट परत आला तर तो परत आला म्हणायचा का, हा काकासाठी खरा पेच आहे. पण आम्ही त्यात तो प्रश्न सहा वेळा घातला. पेच कुणी सोडवलाच नाही, नुसता प्रश्न वाजत राहिला.

लक्षणं सेटवरच दिसत होती. नट "रि-टर्-ने-बल" असं ताणायला लागला होता. समोरची पोरं वाक्य येण्याआधीच हसायला तयार होती. आणि स्क्रिप्टमध्ये त्या प्रश्नानंतर कुणाचंच उत्तर लिहिलेलं नव्हतं. ही शेवटची खूण मी तेव्हा बघायला हवी होती, कारण ती कागदावर दिसते, शूटिंगपर्यंत थांबावं लागत नाही. खाली एकाने लिहिलं, "काकाची कॅसेट अडकली."

पुढची दोन स्किट्स आम्ही त्या प्रश्नाशिवाय केली. एकात शेजारी वस्तू मागतो, काका तोंड उघडतो, आणि शेजारीच आधीची गुलाबी प्रत खिशातून काढून दाखवतो. काका तोंड मिटतो. न बोललेल्या वाक्यावर लोक जास्त हसले.

दुसरी चूक माहितीची होती. नवव्या स्किटनंतर एका निवृत्त स्टोअरकीपरने आम्हाला समजावलं की कारखान्याच्या आतल्या आत हत्यार देताना गेटपास नसतो, इश्यू स्लिप किंवा टोकन असतं. गेटपास लागतो तो माल गेटबाहेर जाताना. आम्ही दोन्ही एकत्र केलं होतं. सुदैवाने काकाचं सेफ्टी डोअर हेच गेट मानलं की सगळं जुळत होतं. त्यावरून एक स्किटही निघालं: घरातल्या घरात काकूला कात्री देताना काका गेटपास नाही, टोकन मागतो.

निष्पत्ती

प्रेक्षकसंख्या वाढली, पण डोळे दिपावेत अशी नाही. फरक दोन ठिकाणी कळला. लिहायला तीन संध्याकाळी लागायच्या, तिथे एक पुरू लागली, कारण "काका इथे काय करेल" याचं उत्तर आता पानावर होतं. आणि लोक प्रसंग पाठवायला लागले. आम्हाला आलेल्या सूचनांत कंजूषपणाची एकही नव्हती, सगळ्या नोंदीच्या होत्या. म्हणजे काका कोण हे लोकांना बरोबर कळलं होतं.

पात्र पक्कं झाल्यावर त्याला जाळीबाहेर काढता आलं. मिसळीच्या हॉटेलात काका गिऱ्हाईक आहे, काउंटरच्या चुकीच्या बाजूला. तिथे तो जास्तीचा पापड घेताना स्वतःच स्वतःच्या नावाची पावती फाडून वेटरला देतो. "नॉन-रिटर्नेबल," तो ओशाळून सांगतो. तकियाकलामाचं हे पहिलं उत्तर होतं जे काकाने स्वतः दिलं.

सगळ्यात मोठा वाद सोळाव्या स्किटचा झाला. लिहिणारीने मुलीच्या पाठवणीचं स्किट लिहिलं, काका वही घेऊन मांडवात उभा. काकूचं काम करणारी म्हणाली, मुलीला वस्तूच्या रांगेत बसवणारं वाक्य मी म्हणणार नाही आणि त्याला म्हणू देणार नाही. अर्धा तास तणाव होता. ती बरोबर होती. काकाचा विनोद तो वस्तूंबद्दल भाबडा आहे म्हणून चालतो. ज्या घटनेत माणसाला खरोखरच वस्तू मानलं जातं, तिथे तो भाबडेपणा कुरूप दिसतो.

त्याऐवजी मुलगा नोकरीसाठी पुण्याला निघतो, असं केलं. एसटी स्टँड, बॅग, पाण्याची बाटली. काका डबा, शाल, छत्री अशा वस्तूंच्या पावत्या फाडतो. मुलगा बसमध्ये चढतो. काका वही उघडून मुलाचं नाव लिहितो आणि पुढे लिहीतच नाही. काकू शेजारून म्हणते, "रिटर्नेबल लिहा."

हे वाक्य आम्ही नियम मोडून शेवटी ठेवलं. पंधरा स्किट्समध्ये ते काकूच्या तोंडी एकदाही आलं नव्हतं, म्हणून ते तिथे बसलं.

पुन्हा करायचं झालं तर

काकूचा हट्ट पहिल्याच दिवशी ठरवला असता. आम्ही सगळी मेहनत काकावर घेतली आणि काकू बराच काळ आतून वाक्य फेकणारा आवाज राहिली. तिला नंतर दिलेला हट्ट, काकाच्या वहीत न सापडणाऱ्या गोष्टी लक्षात ठेवणं, चांगला आहे; पण दहा स्किट्स उशिरा आला, आणि तो जुन्या स्किट्सशी जुळवताना ओढाताण झाली.

स्टोअरकीपरला आधीच भेटलो असतो. चूक टळली असती हे एक, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने एका तासात सांगितलेल्या आठवणींतून आमची चार स्किट्स निघाली. आणि नवीन पान लिहिल्यावर लगेच शूट करण्याऐवजी पाच प्रसंग तोंडी करून बघितले असते. कंजूषपणाच्या वेळी ते केलं म्हणूनच वाचलो, पुढे मात्र आळस केला.

एक गोष्ट अजून ठरलेली नाही. मुलगा परत कधी येणार, असं लोक विचारतात. तो आला तर काकाच्या वहीतली सगळ्यात मोठी नोंद पूर्ण होते, आणि मग काकाला हवं असलेलं काही उरतं का, हे मला सांगता येत नाही. लिहिणारीला दिवाळीत त्याला एक दिवसासाठी आणायचं आहे. मी नको म्हणतोय. शूटिंगच्या वहीत त्याच्या नावापुढची "परत" ही चौकट सध्या कोरी आहे.